मित्र की मैत्रीण हे न सांगता मराठीत कसं लिहावं

प्रश्न: मी कुडाळला राहते. एका संस्थेसाठी तरुणांच्या पुस्तिकेचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतेय. विषय आहे फोनवरून होणारा त्रास आणि धमक्या. मूळ मजकुरात सगळीकडे 'अ फ्रेंड', 'समवन' आणि 'दे' आहे, मुलगा की मुलगी हे मुद्दाम सांगितलेलं नाही. मराठीत क्रियापद आलं की लिंग आलंच. 'तो/ती आला/आली' वाचवत नाही, 'व्यक्ती' लिहिलं की सरकारी पत्र वाटतं. एका अनुभवकथनात तर मित्र (की मैत्रीण?) पानभर 'दे'च आहे. काय करू?

उत्तर:

आधी पुस्तिका एकदा फक्त 'दे' शोधत वाचा, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा की इथे लिंग का सांगितलेलं नाही. कारणं तीन निघतील. काही ठिकाणी ते कोणालाच माहीत नाही: 'समवन' मेसेज पाठवतंय, पण पलीकडे कोण आहे हे कळलेलं नाही. काही ठिकाणी लिहिणाऱ्याला माहीत आहे, पण ते झाकलंय. तुमच्या अनुभवकथनातलं माणूस या गटातलं. आणि काही ठिकाणी ते माणूस स्वतःला इंग्रजीतलं 'ही' किंवा 'शी' म्हणवून घेत नाही, 'दे' हे त्याचं स्वतःचं, निवडलेलं सर्वनाम आहे. इंग्रजीला तिन्हींसाठी एकच शब्द पुरतो. मराठीत तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की तिथेच भाषांतर फसतं.

दुसरी गोष्ट, मराठीत क्रियापद आलं की लिंग आलंच हे तितकंसं खरं नाही. 'येईल'मध्ये लिंग नाही. 'येणार', 'येत आहे', 'येत नाही', 'येऊ दे' यांतही नाही. 'येतोय' आणि 'येतेय' वेगळे होतात, पण तेच पूर्ण रूपात 'येत आहे' लिहिलं की फरक मिटतो. 'तुम्ही आलात' म्हणताना समोर बाई आहे की पुरुष हे सांगावं लागत नाही. 'आम्ही गेलो' बायकाही म्हणतात, पुरुषही म्हणतात. आणि सगळ्यांत उपयोगी म्हणजे सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ. 'दार उघडलं', 'चिठ्ठी लिहिली', 'फोन ठेवला' यांत क्रियापद दाराशी, चिठ्ठीशी, फोनशी जुळतं, करणाऱ्याशी नाही. शाळेत कर्मणी प्रयोग म्हणून घोकलेली ही गोष्ट या कामात रोज हाताशी लागते.

लिंग खरोखर अडवतं ते मोजक्या जागी: अकर्मक क्रियापदाचा भूतकाळ (आला, बसली, घाबरला), साधा वर्तमान (येतो, येते), 'होता-होती', 'शकतो-शकते', 'यायचा-यायची', 'दमलेला-दमलेली' यांसारखी विशेषणं, आणि एकवचनी सर्वनामं. 'त्याला' आणि 'तिला' वेगळे आहेत, 'त्यांना' मात्र एकच. भाषांतर करताना या जागा नजरेत भरू लागल्या की काम निम्मं हलकं होतं, कारण बाकीच्या वाक्यांना हात लावायची गरजच नसते.

आता 'समवन'. इथे मराठीकडे जे आहे ते हिंदीकडे नाही: नपुंसकलिंग. दारावर थाप पडली की आपण 'कोण आलंय?' असंच विचारतो. 'कोणीतरी दार वाजवतंय', 'कोणीतरी येऊन गेलं', 'कोणी विचारलं तर सांग'. हे पुस्तकी नाही, घराघरातलं बोलणं आहे. म्हणून 'कोणीतरी रोज मेसेज पाठवत होतं' असं बिनधास्त लिहा. 'कोणीतरी पाठवत होता' लिहिलं की पहिल्याच ओळीत धमकी देणारा पुरुष ठरून जातो, आणि मूळ लेखकाने तो ठरवलेला नाही.

पण हे नपुंसकलिंग एका वाक्यापुरतंच चालतं. 'कोणीतरी फोन केला. ते म्हणालं...' असं पुढे गेलात की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लहान मूल येतं, नाहीतर लिहिणारा त्या माणसाला तुच्छ लेखतोय असं वाटतं. 'ते' हे सर्वनाम मराठीत लेकराला मायेने लावतात, मोठ्या माणसाला लावलं तर हेटाळणी होते. मग दुसऱ्या वाक्यात काय करायचं? माणसाऐवजी दिशा आणा. 'पलीकडून उत्तर आलं', 'तिकडून धमकी आली', 'त्या नंबरवरून पुन्हा फोटो आला'. फोनच्या विषयात हे इतकं बेमालूम बसतं की काही टाळलंय असं कोणाला जाणवतही नाही. किंवा 'कोणीतरी' हाच शब्द पुन्हा वापरा. मराठीत शब्द पुन्हा आला तर इंग्रजीइतका खटकत नाही.

'मेसेज पाठवणारा' या रूपापासून मात्र जपा. ते तटस्थ वाटतं, पण पुल्लिंगी आहे. अनेकवचनात नेऊन 'पाठवणाऱ्यांनी', 'धमकी देणाऱ्यांना' केलं की लिंग जातं, फक्त मग एक माणूस की टोळी असा प्रश्न उभा राहतो. जिथे सर्वसाधारण सल्ला आहे ('धमकी देणाऱ्यांना पैसे पाठवू नका') तिथे हे छान चालतं. एका प्रसंगाच्या गोष्टीत चालत नाही.

सल्ल्याची पानं तर तुम्हाला वाटतात त्याहून सोपी आहेत. इंग्रजीत 'इफ अ फ्रेंड टेल्स यू' अशी सुरुवात असेल. मराठीत अशा वाक्यांना आज्ञार्थ आणि भविष्यकाळ आपोआप येतात, आणि दोन्हींत लिंग नाही. 'तुमच्या मित्रमैत्रिणींपैकी कोणाला असा त्रास होत असेल तर आधी ऐकून घ्या. मध्ये बोलू नका. मेसेज पुसून टाकायला सांगू नका, त्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवायला सांगा. घरी कधी आणि कसं सांगायचं हे ज्यांना त्रास होतोय त्यांनाच ठरवू द्या.' यात कुठेही तिरकी रेघ नाही, 'व्यक्ती' नाही. 'कोणाला... होत असेल' ही रचना पाठच करून टाका. त्रास होतो, भीती वाटते, लाज वाटते, राग येतो, झोप लागत नाही. मनातलं बरंच काही मराठी 'ला' लावून सांगते, आणि 'ला' लागला की क्रियापद त्या भावनेशी जुळतं, माणसाशी नाही. तुमच्या विषयात निम्मा मजकूर भावनांचाच आहे.

तुम्ही ज्या दोन गोष्टींचा कंटाळा केलाय त्याबद्दल थोडं बोलतो, कारण संस्था त्याच सुचवील. 'तो/ती आला/आली' नको याचं मोठं कारण असं की अशा पुस्तिका मोठ्याने वाचल्या जातात. ग्रामपंचायतीच्या सभागृहात, कॉलेजच्या शिबिरात, अंगणवाडीत कोणीतरी त्या वाचून दाखवतं. तिरकी रेघ वाचता येत नाही, त्यामुळे वाचणारं माणूस पहिलंच रूप उच्चारतं आणि पुढे जातं. कागदावर दोघांना जागा दिली, कानावर मात्र फक्त 'तो आला' पडला. 'व्यक्ती'चा दोष त्याहून लपलेला आहे. शब्द स्त्रीलिंगी. 'ती व्यक्ती घाबरली' इथपर्यंत ठीक. पुढच्या वाक्यात 'ती रडू लागली' आलं की वाचणाऱ्याच्या मनातून 'व्यक्ती' गेलेली असते आणि एक मुलगी रडत असते. त्रास होतो तो मुलीलाच, असं आधीच मनात धरून बसलेल्या वाचकाला हे आयतंच मिळतं, आणि ज्या मुलाला असा त्रास होतोय तो पुस्तिका मिटतो. 'त्या व्यक्तीला', 'त्या व्यक्तीने' एवढंच, एखाद्या वाक्यापुरतं वापरलं तर हरकत नाही.

आता अनुभवकथन. इथे लिंग झाकण्याला खरं कारण आहे. आपल्याकडे वाडीवस्तीची गावं, सगळी एकमेकांना ओळखणारी. अशी कथनं वाचून 'ही अमक्याचीच' असं लोक लगेच ठरवतात. मुलगी एवढं कळलं तरी अर्धा माग लागतो. म्हणून हे पान सगळ्यांत जपून करा. मी एक नमुन्याचा उतारा घेतो. सरळ, विचार न करता केलेलं भाषांतर साधारण असं होईल:

'गेल्या पावसाळ्यात माझा एक मित्र काही दिवस माझ्याकडे राहायला आला होता. तो दमलेला दिसत होता आणि फारसा बोलत नव्हता. रात्री तो झोपायचा नाही, फोन हातात धरून बसायचा. मी विचारलं की तो विषय बदलायचा. शेवटी एका रात्री तो म्हणाला की कोणीतरी त्याला रोज मेसेज पाठवतो आणि फोटो सगळ्यांना दाखवण्याची धमकी देतो. घरी सांगायला तो घाबरत होता. तो रडला. दुसऱ्या दिवशी मी त्याला समुपदेशकाकडे घेऊन गेलो. तो दारापर्यंत आला, पण आत जाऊ शकला नाही.'

जवळजवळ प्रत्येक क्रियापद पुल्लिंगी. शेवटी 'घेऊन गेलो'मुळे सांगणाराही पुरुष ठरला, आणि मूळ मजकुरात तर तेही कुठे नाही. हे अनेकदा नजरेतून सुटतं: मित्राचं लिंग झाकायच्या नादात 'मी'चं उघडं पडतं.

पहिला निर्णय असा की या माणसाला हाक कशाने मारायची. सर्वनाम वापरायचं नसेल तर नाव लागतं. मराठीत नावाला 'ने, ला, चा' लावले की मुलाचं आणि मुलीचं नाव सारखंच चालतं. म्हणून 'किरण'सारखं दोघांचं नाव घ्या आणि ते पुन्हा पुन्हा वापरा. नाव निवडताना तुमच्या वाचकांच्या वयाच्या दोन-चार जणांना विचारा. 'शीतल' ऐकून पहिल्यांदा मुलगीच डोळ्यांसमोर येते, म्हणून ते नको. नुसतं अक्षर वापरायचा मोह होतो, पण प्रत्यय लागला की पंचाईत: 'क'ला 'ला' लावला की 'कला' होते. मुळात नाव नसेल तर ते घालायला संस्थेची परवानगी हवी, आणि 'नाव बदललेलं आहे' अशी ओळ हवी. परवानगी मिळालीच नाही तर 'आमच्या ग्रुपमधलं कोणी' अशी एकदा ओळख करून द्या आणि पुढे कर्ता गाळा. मराठी तेवढी सवलत देते, पण चार-पाच वाक्यांपर्यंतच. त्यापुढे वाचणारा हरवतो.

नाव धरून केलेला उतारा असा:

'आमची मैत्री कॉलेजातली. गेल्या पावसाळ्यात किरणचा मुक्काम काही दिवस आमच्या घरी होता, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे माझ्या लक्षात आलं. चेहरा उतरलेला, बोलणं जेवढ्यास तेवढं. रात्री झोप नाही, हातातला फोन काही सुटायचा नाही. विचारलं की किरणचं उत्तर एकच असायचं: काही नाही. शेवटी एका रात्री सगळं बाहेर आलं. कोणीतरी रोज मेसेज पाठवत होतं. फोटो सगळ्यांना दाखवीन, अशी पलीकडून धमकी होती. "घरी सांगायची भीती वाटते," एवढं बोलताना किरणला रडू फुटलं. दुसऱ्या दिवशी मी समुपदेशकांची वेळ घेतली. आम्ही सोबत निघालो, दारापर्यंत पोचलो. पण किरणचं पाऊल काही आत पडेना.'

कुठे काय केलंय ते सांगतो. 'मित्र' हा शब्दच काढला आणि त्याजागी 'मैत्री' आणली. नातं सांगायचं होतं, ते सांगून झालं. 'राहायला आला होता' हे अडलेलं वाक्य, तिथे 'मुक्काम होता' केलं, क्रियापद मुक्कामाशी जुळलं. 'दमलेला'ऐवजी चेहरा आणि बोलणं यांना पुढे केलं. 'बसायचा'ची जागा फोनने घेतली: सुटायचा नाही तो फोन. 'म्हणाला' फार फसवं क्रियापद आहे. अर्थाने सकर्मक, तरी कर्त्याशी जुळतं. बोलणे, विसरणे, शिकणे ही त्याच जातीची. त्याऐवजी 'सांगितलं', 'विचारलं', 'म्हटलं' घ्या, किंवा तिथे सरळ त्या माणसाचे शब्दच अवतरणात टाका. 'फोटो दाखवीन' हा भविष्यकाळ, म्हणून बोलणारं कोण हे झाकलेलं राहिलं. 'रडला'चं 'रडू फुटलं' झालं. 'घेऊन गेलो'ऐवजी 'वेळ घेतली' आणि 'आम्ही निघालो'. आणि 'शकला नाही'ला मराठीत आधीच छान रूप आहे, 'पाऊल पडेना'.

मनातलं सांगणं सोपं, हे वर आलंच. अंगाने केलेली हालचाल अवघड: येणं, जाणं, बसणं, उठणं, धावणं, पडणं. यांच्या भूतकाळातून लिंग काढायला प्रत्येक वेळी वेगळी युक्ती लागते. माझ्या हाताशी सगळ्यांत जास्त येते ती ही, की हालचाल एखाद्या वस्तूवर नेऊन सकर्मक करायची. 'निघून गेला'चं 'सकाळची एसटी पकडली'. 'घरातून पळाला'चं 'घर सोडलं'. 'तो बाजारात पोचला'चं 'किरणने बाजार गाठला'. 'उठला'चं 'किरणला जाग आली'. 'आला'साठी आपल्याकडे पाहुण्याला विचारतात तसं 'येणं झालं' आहे, पण ते आदबशीर आहे, कॉलेजच्या पोरांच्या तोंडी शोभत नाही. युक्ती निवडताना वय आणि घर बघा.

आणि सगळ्याच वाक्यांना युक्ती लावू नका. सलग दहा वाक्यं '-लं, -लं' अशी संपली की वाचताना कंटाळा येतो, आणि त्या माणसाला शरीरच नाही असं वाटू लागतं. मध्ये एखादं क्रियापद नसलेलं वाक्य टाका ('रात्री झोप नाही'), एखादं संवादाचं, एखादं 'आम्ही'चं.

समुपदेशकांचं वेगळं. तिथे आदरार्थी अनेकवचन स्वाभाविक आहे, आणि त्याची विभक्तीची रूपं दोन्ही लिंगांना एकच: 'त्यांनी ऐकून घेतलं', 'त्यांना सगळं सांगितलं', 'त्यांच्या खोलीत'. वर्तमानात 'फोनवरही बोलतात' हेही चालतं. टाळायचं ते फक्त 'ते आले', 'त्या म्हणाल्या' हे प्रथमेतलं भूतकाळी वाक्य. डॉक्टर, शिक्षक, पोलीस अधिकारी, सगळ्यांना हेच. वीस वर्षांच्या मित्राला मात्र 'त्यांनी' लावू नका. वाचणाऱ्याला तो एकदम काका वाटेल.

लिहून झालं की गळती शोधा. मी उतारा दोनदा वाचतो, एकदा किरण मुलगा आहे असं पक्कं मनात धरून, एकदा मुलगी धरून. ज्या वाक्याशी कुठल्याही एका वाचनात अडखळायला होतं, तिथे गळती आहे. मग फाइलमध्ये 'तो', 'ती', 'त्याला', 'तिला', 'त्याचा', 'तिचा', 'होता', 'होती' हे शोधून प्रत्येक जागा बघतो. 'होता' सापडला म्हणून घाबरायचं नाही, तो मुक्कामाचा असेल. शेवटी उतारा ज्याला विषय माहीत नाही अशा कोणाला तरी वाचून दाखवतो आणि विचारतो, कोण डोळ्यांसमोर आलं आणि कशामुळे. 'कशामुळे' हे विचारणं महत्त्वाचं. काही जण सवयीनेच मुलगी म्हणतील, त्याला इलाज नाही. पण बोट ठेवून शब्द दाखवला तर तो शब्द बदला.

असे शब्द बहुतेक वेळा क्रियापदाबाहेरचे निघतात. 'अगं' आणि 'अरे'. 'आम्ही दोघी' लिहिलं की उघडच झालं, 'दोघं' लिहिलं तरी दोन मुली नव्हेत एवढं कळलं, म्हणून नुसतं 'आम्ही'. संवादात 'तू आलास', 'तू येतेस' अडवतात, 'तू सांगितलंस', 'तू येशील' अडवत नाहीत. आणि परिस्थितीही बोलते. मी वरच्या उताऱ्यात 'आमच्या घरी' लिहिलं, 'एकाच खोलीत राहत होतो' असं लिहिलं नाही. आपल्या घरांत एका खोलीत राहायचं म्हटलं की दोघं मुलगे नाहीतर दोघी मुली, असंच वाचणारा धरतो. ओढणी, गजरा, रात्री उशिरा नाक्यावर एकट्याने उभं राहणं, हे सगळं व्याकरणाला न विचारता लिंग सांगून जातं.

तुम्ही कुडाळच्या, म्हणून मालवणीबद्दल वेगळं सांगतो. पुस्तिकेतले संवाद मालवणीत करायचं संस्थेच्या मनात आलं तर तुमचं काम एका बाजूने सोपं होतं. मालवणीत वर्तमानकाळाला लिंग नाही: तो येता, ती येता, ता येता. 'मी येतंय' बाईही म्हणते, बाप्याही म्हणतो. प्रमाण मराठीत जिथे 'पाठवतो की पाठवते' असा पेच पडतो, तिथे मालवणीत 'पाठवता' लिहून मोकळं होता येतं. 'किरण काय सांगता ता आयक' या वाक्यात काहीच झाकावं लागत नाही, कारण भाषेनेच काही उघडं केलेलं नाही. 'तेका' आणि 'तिका' वेगळे, 'तेंका' एकच, हे प्रमाण मराठीसारखंच.

भूतकाळात मात्र दोन खड्डे आहेत. मालवणीत तो इलो, ती इली, ता इला. म्हणजे नपुंसकलिंगाचा शेवट 'आ'ने होतो. 'कोण तरी इला' हे तुमच्या कानाला तटस्थ, पण रत्नागिरीच्या पलीकडच्या वाचकाला 'आला'सारखं सरळ पुल्लिंगी दिसतं. पुस्तिका फक्त सिंधुदुर्गात वाटायची की राज्यभर, हे आधी विचारून घ्या. दुसरा खड्डा जास्त खोल. मालवणीत 'चेडू' नपुंसकलिंगी आहे. मुलीबद्दल 'ता गेला' असं सहज बोललं जातं. म्हणून प्रमाण मराठीत जे नपुंसकलिंग अनोळखी माणसाला झाकतं, तेच मालवणीत एखाद्या ओळखीच्या तरुण माणसाला लावलं तर तिथल्या वाचकाला मुलगी ऐकू येऊ शकते. 'कोण तरी' असेपर्यंत ठीक, किरणसाठी 'ता' नको. आणि 'गो' नि 'रे' यांच्यावर लक्ष ठेवा. मालवणी संवादात ते इतके आपसूक येतात की लिहिणाऱ्याला ते लिहिल्याचं भानही राहत नाही.

आता तिसऱ्या प्रकारचा 'दे', म्हणजे माणसाने स्वतःसाठी निवडलेलं सर्वनाम. तुमच्या पुस्तिकेत असा कोणी आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण तरुणांच्या इंग्रजी मजकुरात आता तो असतोच. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०१९ साली हा अर्थ कोशात घेतला आणि त्याच वर्षी 'दे'ला वर्षाचा शब्द ठरवलं. इथे वरच्या सगळ्या युक्त्या बाजूला ठेवायच्या. त्या झाकायच्या युक्त्या आहेत, आणि या माणसाने काही झाकलेलं नाही, उलट स्वतःबद्दल काहीतरी स्पष्ट सांगितलेलं आहे. सर्वनामच येऊ दिलं नाही तर ते सांगणं पुसलं जातं, आणि वाचणारा आपल्या मनाने 'तो' किंवा 'ती' भरून मोकळा होतो.

मराठीत यासाठी सर्वमान्य रूप अजून ठरलेलं नाही. म्हणून पहिला मार्ग विचारण्याचा: ते माणूस हयात आहे, संस्थेच्या ओळखीचं आहे, तर मराठीत तुमच्याबद्दल कसं लिहू हे संस्थेमार्फत विचारा. मराठी बोलणारी अशी माणसं स्वतःबद्दल काय वापरतात यात एकवाक्यता नाही, त्यामुळे दुसऱ्या कोणाचं उत्तर यांना लावू नका. विचारणं शक्यच नसेल तर मी अनेकवचनी 'ते' घेतो आणि क्रियापदही अनेकवचनी ठेवतो: 'ते आले', 'त्यांनी सांगितलं'. याची उणीव मला माहीत आहे. अनोळखी वाचकाला 'ते आले' म्हणजे एखादे वडीलधारे गृहस्थ वाटतात. म्हणून पहिल्या उल्लेखातच मजकुरात एक साधं वाक्य घालतो: 'स्वतःला पुरुष किंवा स्त्री न म्हणवणारे किरण स्वतःसाठी "ते" हे सर्वनाम वापरतात.' तळटीप नाही, कंस नाही, ओळीतच. एवढं वाचल्यावर पुढचे सगळे 'ते' नीट वाचले जातात.

नपुंसक अनेकवचन घ्यावं असं काहींना सुचतं, पण त्याचं रूप 'ती आली' असं होतं ('ती मुलं आली'), आणि एका माणसाबद्दल ते वाचलं की बाईच वाटते. नपुंसक एकवचन, म्हणजे 'ते आलं', त्या माणसाने स्वतः मागितलं तरच. दुसऱ्याने लावलं तर ते माणसाला वस्तू केल्यासारखं लागतं.

संस्थेला मसुदा पाठवाल तेव्हा सोबत अर्ध्या पानाचं टिपण जोडा. किरण हे नाव का घातलं, कुठल्या पानावर कोणता 'दे' आहे, समुपदेशकांना अनेकवचन का, आणि 'तो/ती' अशी रेघ कुठेही घालू नये, एवढं त्यात असू द्या. मुद्रितशोधन करणाऱ्यांच्या हाती ते टिपण पोचलं नाही तर 'पाठवत होतं'चं 'पाठवत होता' शुद्धलेखन म्हणून केलं जातं. शेवटचं प्रूफ स्वतः बघायला मागा आणि त्यात आधी तेवढीच क्रियापदं तपासा.